एका पुस्तकाच्या दोन नोंदी

दोघांनी मिळून पुस्तक लिहायचं तर संदर्भांची यादीही सामायिक लागते. आम्ही ती झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवली आहे. ती नव्याने लावल्यावर सहलेखिकेला पाठवलेलं हे पत्र. अशी यादी बाळगणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला न विचारता यादी हलवली, म्हणून लगेच लिहिते आहे. तिसऱ्या प्रकरणात इरावती कर्वे यांचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ एका परिच्छेदात 1953a, तर पुढच्यात 1953b असं उमटत होतं. वाचणाऱ्याला वाटेल, इरावतीबाईंची त्या वर्षी दोन पुस्तकं आली. पण मी ते आपल्या ग्रुपच्या यादीतून घेतलं होतं आणि तुम्ही तुमच्या My Library मधून. झोटेरोच्या लेखी या वेगळ्या नोंदी आहेत. लेखक आणि साल एकच दिसलं की तो a, b लावतो.

ग्रुपमध्येही प्रत्येक प्रकरणाच्या कप्प्यात आपण तीच पुस्तकं पुन्हा भरली होती. त्याची गरज नव्हती, एकच नोंद अनेक कप्प्यांत ठेवता येते. त्या जोडनोंदी मी Merge करून एक केल्या, एकही खोडली नाही. नोंद खोडली तर प्रकरणातल्या उल्लेखाशी तिचा धागा तुटतो. मजकूर जसाच्या तसा दिसत राहतो, त्यामुळे काही बिघडलंय हे कळतही नाही. पुढे नोंदीत केलेली दुरुस्ती मात्र तिथे पोचत नाही. Merge केल्यावर धागा टिकतो.

१९६५ची दुसरी आवृत्ती मात्र मुद्दाम वेगळी ठेवली आहे. दोन आवृत्त्यांची पानं जुळत नाहीत. त्या एक केल्या असत्या तर तुमचे पृष्ठांक भलत्याच पानांकडे बोट दाखवू लागले असते. ‘युगान्त’चंही तेच: १९६७चं मराठी आणि १९६९चं इंग्रजी, दोन्ही नोंदी राहतील.

आता तुमच्याकडचं काम. प्रकरण उघडून Refresh करा आणि 1953a शोधा. जिथे सापडेल तिथला उल्लेख उघडून तुमच्या यादीतली नोंद काढा, ग्रुपमधली घाला. पृष्ठांक पुन्हा टाकावा लागेल, म्हणून आधी तो टिपून ठेवा. हाताने बदललेल्या उल्लेखापाशी तो बदल ठेवायचा का, असं झोटेरो विचारेल. हो म्हटलंत तर तो उल्लेख पुढे आपोआप सुधारणार नाही. Unlink Citations ला हात लावू नका, त्याने सगळेच उल्लेख साधा मजकूर होऊन बसतात.

शेवटची तपासणी यंत्राला जमणार नाही. तुमच्या कपाटातली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, ते पुस्तक उघडून बघा आणि मला कळवा.