शेजारचा शब्द, खरा कर्ता

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीच्या पेपरात चूक ओळखण्याचा एक ठरलेला प्रश्न असतो. वाक्याचे तुकडे पाडलेले असतात, कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं, आणि नसेल तर ‘चूक नाही’ हा शेवटचा पर्याय निवडायचा. हे वाक्य घ्या: ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स / हू हॅव क्लिअर्ड द रिटन टेस्ट / हॅव बीन पुट अप / ऑन द नोटीस बोर्ड.’ माझ्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं, की निम्म्याहून अधिक मुलं ‘चूक नाही’ म्हणतात. ती व्याकरणात कच्ची नसतात. कर्ता एकवचनी तर क्रियापद एकवचनी, हा नियम त्यांना पाठ असतो. तरीही ती चुकतात, आणि त्याचं मला सापडलेलं मोठं कारण आपल्या मराठीच्या रचनेत आहे.

हेच वाक्य मराठीत म्हणून पाहा. ‘लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांची यादी फलकावर लागली आहे.’ काय लागली? यादी. ‘लागली’ या क्रियापदाचं नातं ज्याच्याशी आहे तो शब्द सगळी विशेषणं, सगळे तपशील संपल्यावर येतो. ‘उमेदवार’ हा शब्द त्याच्या आधी येऊन गेला, आणि जाताना ‘उमेदवारांची’ असं रूप घेऊन गेला. त्या रूपामुळेच तो कर्ता नाही हे आपल्याला कळतं. मराठीत कोणी ‘उमेदवारांची यादी लागले आहेत’ असं म्हणणार नाही. लहान मूलही नाही.

इंग्रजीत हा क्रम उलटा होतो. ‘लिस्ट’ आधी येते आणि तिच्याबद्दलचा सगळा तपशील तिच्या मागून. त्यामुळे ‘लिस्ट’ आणि तिचं क्रियापद यांच्या मधे आठ शब्द येऊन बसतात. शिवाय ‘कँडिडेट्स’वर ‘-ची’सारखी कुठलीच खूण नाही. कर्ता असता तरी तो शब्द तसाच दिसला असता. मराठी कानाला कर्ता क्रियापदाजवळ ऐकायची सवय आहे. त्यामुळे तो मागे बघतो, जवळचं अनेकवचन उचलतो आणि ‘हॅव’ला मान डोलावतो. या वाक्यात तर आणखी एक खुबी आहे. पहिला ‘हॅव’ बरोबर आहे, कारण परीक्षा उमेदवार उत्तीर्ण झाले, यादी नव्हे. तो बरोबर ‘हॅव’ कानात घुमत असतानाच दुसरा, चुकीचा ‘हॅव’ येतो. तिथे ‘हॅज’ हवा, म्हणजे चूक तिसऱ्या तुकड्यात आहे.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे घसरतात. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत लोकांना वाक्याची सुरुवात देऊन ते पुरं करायला सांगितलं होतं. कर्ता एकवचनी आणि क्रियापदाजवळचं नाम अनेकवचनी असलं की चुका लक्षणीय वाढत. उलट मांडणीत, म्हणजे अनेकवचनी कर्त्यापाठोपाठ एकवचनी नाम आलं तर, तेवढ्या होत नसत. चूक शोधण्याच्या प्रश्नांत हीच मांडणी सारखी भेटते: पुढे एक एकटा शब्द, मग ‘ऑफ’, मग अनेकवचन.

मराठीच्या सवयीनं अडचण केली असली तरी सुटकाही मराठीतच आहे. वाक्य मनात मराठीत म्हणा आणि क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोण?’ विचारा. प्रत्यय न लागलेला जो शब्द उत्तर म्हणून येईल, तोच इंग्रजीतला कर्ता. ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांत मुलं वर्षानुवर्षं गोंधळतात. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे ‘बरेच विद्यार्थी’: बरेच विद्यार्थी गैरहजर आहेत, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे ‘विद्यार्थ्यांची संख्या’: संख्या वाढली आहे, म्हणून ‘हॅज’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ म्हणजे ‘माझ्या मित्रांपैकी एक जण’, म्हणून ‘इज’. ‘अलाँग विद’ आणि ‘टुगेदर विद’ यांचंही तसंच. ‘रमेश भावांसह आला आहे’ म्हणताना ‘भावांसह’ला प्रत्यय आहे, म्हणून तो मोजायचा नाही.

ही कसोटी दोन ठिकाणी फसते, आणि ती ठिकाणं माहीत हवीत. पहिलं ठिकाण ‘ने’चं. ‘समितीने अहवाल सादर केला’ यात क्रियापद अहवालाप्रमाणे चालतं, समितीप्रमाणे नाही. अशा वेळी वाक्य भविष्यकाळात न्या: ‘समिती अहवाल सादर करील.’ कर्ता लगेच उघडा पडतो. दुसरं ठिकाण आदराचं. ‘मुख्याध्यापक शिक्षकांसह आले आहेत’ हे मराठीत एकाच माणसाबद्दल असतं, पण क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीला असलं आदरार्थी बहुवचन ठाऊक नाही. ‘द हेडमास्टर, अलाँग विद द टीचर्स, हॅज कम’ हेच बरोबर. वाक्यात आदरणीय व्यक्ती आली की तिच्या जागी रमेश घालून पाहावा.

समूहवाचक नामांचा प्रश्न वेगळा आहे. ‘कमिटी’, ‘ज्यूरी’, ‘टीम’ यांना एकवचन की अनेकवचन, हे त्या शब्दात ठरलेलंच नसतं. समूह एक होऊन वागतो आहे की त्यातली माणसं वेगवेगळी वागताहेत, यावर ते ठरतं. ब्रिटिश वर्तमानपत्रं तर क्रिकेटच्या संघालाही सर्रास अनेकवचन लावतात. मग परीक्षेत ठरवायचं कसं? वाक्यातलंच सर्वनाम शोधायचं. ‘द कमिटी हॅव सबमिटेड इट्स रिपोर्ट’ यात ‘इट्स’ सांगतो की समिती एकच आहे, म्हणून ‘हॅव’ चूक. ‘द ज्यूरी वॉज डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’ यात मतं माणसामाणसाची वेगळी आहेत, ‘देअर’ तेच सांगतो, म्हणून ‘वर’ हवा. असा पुरावा वाक्यात नसेल आणि समूह एकत्र काम करत असेल, तर भारतीय परीक्षांत एकवचन धरणं सुरक्षित.

काही शब्दांना मात्र अशी मोकळीक नाही. ‘पोलीस’ आणि ‘कॅटल’ कायम अनेकवचनी. आपणही ‘पोलीस आले आहेत’, ‘गुरं चरत आहेत’ असंच म्हणतो, तेव्हा इथे मराठी साथ देते. ‘न्यूज’ला ती देत नाही. आपल्या ‘बातम्या’ अनेक असतात, पण इंग्रजीत ‘द न्यूज इज’ हेच खरं.

शेवटी एक उलटा सापळा. ‘निदर... नॉर’ने दोन कर्ते जोडले असतील, तर क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणेच चालतं: ‘निदर द सरपंच नॉर द मेंबर्स वर प्रेझेंट.’ इथे ‘वॉज’ हवा म्हणून खूण केलेली उत्तरपत्रिका मी अनेकदा पाहिली आहे. शेजारच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही हे नुकतंच शिकलेली मुलं ही चूक हमखास करतात. म्हणून क्रियापदाकडे जाण्याआधी ‘निदर’ आणि ‘आयदर’ दिसतात का, तेवढं आधी बघून घ्या.