खोडलेला पोल जातो कुठे?

कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न असा: ट्रान्सफर फंक्शन दिलं आहे, त्याचं कंट्रोलेबल आणि ऑब्झर्व्हेबल कॅनॉनिकल रूप लिहा. छेदातले सहगुणक चिन्ह बदलून एका जागी, अंशातले दुसऱ्या जागी, उरलेल्या जागी शून्य आणि एक. दोन मिनिटांत उत्तर तयार होतं. ते इतकं चटकन होतं म्हणूनच त्यामागचा अर्थ तपासायचं राहून जातं आणि काही चुकीच्या समजुती पदवीनंतरही टिकून राहतात.

आधी एक साधं उदाहरण मांडून घेऊ.

```
G(s) = (s + 3) / (s^2 + 3s + 2)

कंट्रोलेबल रूप:    A = [0 1; -2 -3]   B = [0; 1]   C = [3 1]   D = 0
ऑब्झर्व्हेबल रूप:  A = [0 -2; 1 -3]   B = [3; 1]   C = [0 1]   D = 0
```

पहिल्या रूपात इनपुट आधी केवळ छेदातून जातो. त्यातून जे निघतं ते `x1`, त्याचं अवकलन `x2`, आणि अंश सांगतो की आउटपुट `3x1 + x2` आहे. दुसऱ्या रूपात आउटपुट हाच शेवटचा स्टेट असतो. इनपुट अंशाच्या सहगुणकांनी गुणून प्रत्येक इंटिग्रेटरच्या दाराशी सोडलेला असतो आणि आउटपुट छेदाच्या सहगुणकांनी गुणून तिथेच परत आणलेला असतो. मॅट्रिक्सच्या भाषेत दोन्ही रूपं एकमेकांची ट्रान्सपोज आहेत: `A` आडवी-उभी फिरवायची, `B` आणि `C` यांची अदलाबदल करायची.

गैरसमज: अंशातले सहगुणक जसेच्या तसे `C` मध्ये लिहायचे.

अंशाचा घात छेदापेक्षा लहान असेल तरच हे चालतं. `(2s^2 + 7s + 7)/(s^2 + 3s + 2)` घ्या. इथे पुष्कळ जण `C = [7 7]` लिहून मोकळे होतात. आधी भागाकार करायला हवा: भाग 2 आणि बाकी `s + 3`. म्हणजे `D = 2`, आणि `C` वरच्याच उदाहरणातला `[3 1]`. इनपुटमधून आउटपुटकडे थेट जाणारा हिस्सा वेगळा काढल्यावर जे उरतं, तेवढंच स्टेटमधून जातं. छेदाचा पहिला सहगुणक 1 नसेल, तर अंश आणि छेद दोन्हींना त्याने आधी भागून घ्यायचं, हेही त्याच ओघात आलं.

गैरसमज: ट्रान्सफर फंक्शन एकच, म्हणजे दोन्ही रूपं एकाच प्रणालीची, फरक फक्त निर्देशांकांचा.

वरच्या उदाहरणापुरतं हे खरं आहे. दोन्ही रूपांची कंट्रोलेबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे `[B AB]`, काढायची आणि दुसरीला पहिलीच्या व्यस्त मॅट्रिक्सने गुणायचं, की एका रूपातून दुसऱ्यात नेणारी मॅट्रिक्स मिळते: `T = [7 3; 3 1]`. पडताळा सोपा आहे. `T` ने पहिला `B` गुणला की `[3; 1]` येतो, आणि `[0 1]` ने `T` ला गुणलं की `[3 1]`.

आता अंशातल्या 3 ऐवजी `b` लिहून हेच गणित पुन्हा करा. `T = [3b-2 b; b 1]` येते आणि तिचा डिटर्मिनंट `-(b - 1)(b - 2)`. ही या साऱ्या विषयातली मला सर्वांत आवडणारी ओळ आहे. `b` ची किंमत 1 किंवा 2 झाली की डिटर्मिनंट शून्य होतो, आणि नेमक्या त्याच वेळी अंशातला झिरो छेदातल्या पोलवर जाऊन बसलेला असतो. दुसऱ्या घाताच्या कोणत्याही छेदासाठी हा डिटर्मिनंट म्हणजे छेदात झिरोची किंमत घालून येणारी संख्या, उणे चिन्हासह. अंश आणि छेद यांत सामाईक अवयव असला की एका रूपातून दुसऱ्यात जाणारी वाटच उरत नाही. निर्देशांक बदलून कंट्रोलेबिलिटी बदलत नसते. म्हणून एक रूप कंट्रोलेबल आणि दुसरं नाही अशी स्थिती आली, तर त्या खरोखरच दोन वेगळ्या प्रणाली आहेत.

गैरसमज: नावात ‘कंट्रोलेबल’ आहे म्हणजे प्रणाली ठीकठाक आहे.

नाव फक्त एका गोष्टीची हमी देतं. कंट्रोलेबल रूप नेहमी कंट्रोलेबल असतं. ते ऑब्झर्व्हेबल असेलच असं नाही. ऑब्झर्व्हेबल रूपाचं बरोबर उलट. याचा अर्थ किती गंभीर असू शकतो ते पाहण्यासाठी अस्थिर पोल असलेलं उदाहरण घेऊ.

```
G(s) = (s - 1) / (s^2 + s - 2) = (s - 1) / ((s - 1)(s + 2))

कंट्रोलेबल रूप:    A = [0 1; 2 -1]   B = [0; 1]    C = [-1 1]
ऑब्झर्व्हेबल रूप:  A = [0 2; 1 -1]   B = [-1; 1]   C = [0 1]
```

कागदावर `s - 1` खोडला की `1/(s + 2)` उरतं, अगदी सोज्वळ. कंट्रोलेबल रूपाला युनिट स्टेप देऊ, सुरुवातीचे स्टेट शून्य ठेवू. आउटपुट `(1 - e^(-2t))/2` येतो आणि शांतपणे 0.5 वर स्थिरावतो. आत काय चाललंय? दोन्ही स्टेटमध्ये `e^t/3` हे पद आहे. दहाव्या सेकंदाला `x1` आणि `x2` दोन्ही ७३४२ च्या आसपास पोचलेले असतात. आउटपुट म्हणजे `x2 - x1`, म्हणून दोन प्रचंड संख्या एकमेकींना कापतात आणि मीटरवर अर्धा दिसतो. खऱ्या सर्किटमध्ये ॲम्प्लिफायर तोवर कधीच सॅच्युरेट झालेला असेल. ऑब्झर्व्हेबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे `C` आणि तिच्याखाली `CA`, काढली तर `[-1 1; 2 -2]` येते. दुसरी ओळ पहिलीची उणे दुप्पट, रँक 1. वाढणारी दिशा आउटपुटला दिसतच नाही.

ऑब्झर्व्हेबल रूपाचं दुखणं निराळं आहे. तिथे `x1 + x2` या बेरजेवर इनपुटचा काहीच परिणाम होत नाही, कारण `B` मधले −1 आणि 1 तिथे कटतात. ही बेरीज आपल्याच चालीने `e^t` प्रमाणे वाढते. सुरुवातीला ती नेमकी शून्य असेल तर सारं सुरळीत. इवलीशी जरी शून्याहून वेगळी असली तरी ती वाढून आउटपुटवर दिसणार, आणि कोणताही इनपुट तिला आवरू शकणार नाही. पहिल्या प्रणालीत बिघाड लपलेला आहे, पण सारे स्टेट मोजता आले तर फीडबॅकने आवरता येतो. दुसरीत तो उघड दिसतो, पण हाताबाहेर आहे.

हा नुसता बीजगणिताचा खेळ नाही. `1/(s - 1)` हे अस्थिर यंत्र आणि `(s - 1)/(s + 2)` हा कॉम्पेन्सेटर एकापुढे एक जोडा. कॉम्पेन्सेटर आधी आणि यंत्र नंतर असेल, तर कॉम्पेन्सेटरचा झिरो इनपुटला यंत्राच्या अस्थिर हालचालीपर्यंत पोचूच देत नाही. हीच ऑब्झर्व्हेबल रूपाची प्रणाली, फक्त वेगळ्या निर्देशांकांत. यंत्र आधी आणि कॉम्पेन्सेटर नंतर जोडला, तर अस्थिर हालचाल होते पण बाहेर पडताना गाळली जाते. ही कंट्रोलेबल रूपाची प्रणाली. गुणाकार दोन्हीकडे एकच, म्हणून ट्रान्सफर फंक्शनला हा क्रम कळत नाही. १९६३ मध्ये रुडॉल्फ काल्मान यांनी ही गोष्ट सिद्धान्ताच्या पातळीवर मांडली: प्रणालीचा जो भाग कंट्रोलेबल आणि ऑब्झर्व्हेबल दोन्ही असतो, तेवढाच ट्रान्सफर फंक्शनमध्ये उतरतो.

प्रत्यक्षात झिरो पोलवर अचूक बसतही नाही. तो 1 ऐवजी 1.01 वर आहे असं धरा. आता रँक पूर्ण येईल, डिटर्मिनंट शून्य नसेल, तो −0.0301 असेल. चाचणी पास झाली म्हणून निश्चिंत व्हावं, तर त्याच युनिट स्टेपला दहाव्या सेकंदाला आउटपुट −७३ च्या आसपास गेलेला दिसेल. म्हणून रँक पूर्ण आहे का, एवढंच विचारणं पुरेसं नाही. डिटर्मिनंट शून्याच्या किती जवळून वाचला हेही पाहायला हवं. आणि उजव्या बाजूचा, म्हणजे अस्थिर, पोल झिरोने खोडणारी रचना कुठल्याही क्रमाने स्वीकारू नये.

गैरसमज: परत येताना तेच ट्रान्सफर फंक्शन मिळतं, म्हणजे काहीच हरवलं नाही.

परतीचं सूत्र `C(sI - A)^(-1)B + D`. कंट्रोलेबल रूपात `(sI - A)` ची ॲडजॉइंट `B` ने गुणली की `[1; s]` उरतो, त्याला `C` ने गुणलं की अंश, आणि डिटर्मिनंट म्हणजे छेद. सूत्र आपणहून काही खोडत नाही. सॉफ्टवेअरही खोडत नाही:

```python
from scipy.signal import tf2ss, ss2tf
A, B, C, D = tf2ss([1, -1], [1, 1, -2])
num, den = ss2tf(A, B, C, D)
```

इथे `den` मध्ये `s^2 + s - 2` चेच सहगुणक येतात. (`A` मात्र `[-1 2; 1 0]` दिसेल, पुस्तकातल्यासारखी नाही. स्टेटचा क्रम उलटा घेतला आहे, बाकी रूप तेच. उत्तर चुकलं समजून घाबरू नये.) हरवतं ते आपल्या हातून, सामाईक अवयव खोडला की. मॅटलॅबमधलं `minreal` हेच काम करतं, आणि त्याची सहनमर्यादा ठरवून दिली नाही तर सुमारे 1.5e-8 असते. `1/(s + 2)` पुन्हा स्टेट-स्पेसमध्ये नेलं, तर `A = -2` एवढा एकच स्टेट येतो. अस्थिर पोल तिथे नाही, आणि नुसत्या `1/(s + 2)` कडे पाहून तो कधी होता हे कोणालाच सांगता येणार नाही. खोडण्याआधी `A` च्या आयगेनव्हॅल्यू काढून त्यांची यादी खोडल्यानंतर उरलेल्या पोल्सशी ताडून पाहावी. यादीतून गळालेली आयगेनव्हॅल्यू डाव्या बाजूला खोल असेल तर तिचा परिणाम विरून जातो. ती उजवीकडे असेल तर खोडलेलं उत्तर वापरू नये. यंत्राची समीकरणं भौतिकीतून थेट मिळालेली असतील, तर ती ट्रान्सफर फंक्शनमधून फिरवून आणण्याचं कारणच नाही.

गैरसमज: रूप इतकं नीटनेटकं आहे, तर संगणकावरही तेच उत्तम.

दोन-तीन घातांपर्यंत हरकत नाही. घात वाढला की गोष्ट बिघडते, कारण या रूपांत सगळे पोल बहुपदीच्या सहगुणकांत कोंबलेले असतात. जेम्स विल्किन्सन यांचं गाजलेलं उदाहरण हेच दाखवतं: ज्या बहुपदीची मुळं 1 ते 20 हे पूर्णांक आहेत, तिच्यातल्या −210 या एका सहगुणकात 2^-23 एवढीच वजाबाकी केली, तर वीसपैकी दहा मुळं काल्पनिक भाग असलेली होतात, आणि एक जोडी सुमारे 16.73 ± 2.81i वर जाते. हेच पोल −1 ते −20 वर असलेल्या प्रणालीच्या कंट्रोलेबल रूपात `A` ची शेवटची ओळ त्या सहगुणकांचीच असते, आणि तिच्यातली सर्वांत मोठी संख्या 10^19 च्या वर जाते. सिंगल प्रिसिजनमध्ये साठवलेल्या संख्येची सापेक्ष चूक 2^-24 पर्यंत असू शकते. 210 ही संख्या योगायोगाने अचूक साठवली जाते. तिच्या शेजारच्या प्रचंड सहगुणकांचं तसं होत नाही. म्हणून वरच्या घाताचे डिजिटल फिल्टर आणि कंट्रोलर दोन-दोन घातांचे तुकडे करून ओळीने जोडतात. प्रत्येक तुकड्यापुरतं कॅनॉनिकल रूप वापरायला मग काहीच अडचण नसते.