कोडमधली मेमरी ब्लॉक रॅममध्ये कशी बसते

एफपीजीए चिपमध्ये माहिती साठवायला तीन जागा असतात. पहिली फ्लिप-फ्लॉप. त्यात एक बिट मावतो. दुसरी जागा म्हणजे लॉजिक सेलमधला लुकअप टेबल, म्हणजेच एलयूटी. काही एलयूटी गणिती तर्काऐवजी छोटी मेमरी म्हणूनही वापरता येतात, आणि एएमडीच्या आर्टिक्स-७ कुटुंबात अशा एका एलयूटीत ६४ बिट राहतात. तिसरी जागा ब्लॉक रॅमची. हे मेमरीचे तयार तुकडे चिप बनतानाच सिलिकॉनमध्ये घडवलेले असतात. या कुटुंबातल्या `XC7A35T` या लहान चिपमध्ये असे ५० तुकडे आहेत. प्रत्येकाची क्षमता ३६ किलोबिट असून तो १८ किलोबिटच्या दोन अर्ध्यांत विभागून वापरता येतो. त्याच चिपमध्ये २०,८०० एलयूटी आणि ४१,६०० फ्लिप-फ्लॉप आहेत.

व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएलमध्ये मेमरी लिहिताना मात्र यांपैकी कोणत्याच जागेचे नाव घ्यावे लागत नाही. एक अॅरे जाहीर करायचा आणि त्यात कसे लिहायचे, त्यातून कसे वाचायचे, एवढेच सांगायचे. कोडचे वर्तन पाहून योग्य जागा निवडणे हे सिंथेसिस करणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम. या निवडीला इन्फरन्स म्हणतात. सॉफ्टवेअर अॅरेला आधी मेमरी म्हणून ओळखते, तिचे लिहिण्याचे आणि वाचण्याचे पोर्ट मोजते, आणि प्रत्येक पोर्टचे वर्तन ब्लॉक रॅमच्या वर्तनाशी जुळते का ते तपासते. जुळले तर मेमरी तिथे जाते. न जुळल्यास एलयूटी, आणि तेही शक्य नसेल तर फ्लिप-फ्लॉप, असा क्रम उतरत जातो. कोडने मागितलेले वर्तन बदलण्याची मुभा सॉफ्टवेअरला नसते. सगळी गुंतागुंत इथूनच येते, कारण ब्लॉक रॅमच्या काही सवयी अगदी ठाम आहेत.

त्यातली सर्वांत महत्त्वाची सवय वाचनाची. ब्लॉक रॅमला ॲड्रेस दिला की उत्तर लगेच बाहेर येत नाही. क्लॉकच्या चढत्या कडेला ॲड्रेस आत घेतला जातो आणि त्यानंतरच डेटा बाहेर पडतो. म्हणजे वाचनही लिहिण्याप्रमाणेच क्लॉकला बांधलेले असते. ८ बिटांच्या २०४८ शब्दांची मेमरी उदाहरणाला घेतली, तर तिच्यासाठी असा कोड लागतो:

```verilog
reg [7:0] mem [0:2047];

always @(posedge clk) begin
    if (we)
        mem[waddr] <= din;
    dout <= mem[raddr];
end
```

या मेमरीत एकूण १६,३८४ बिट आहेत. १८ किलोबिटचा अर्धा तुकडा ९ बिटांचे २०४८ शब्द अशा आकारात वापरता येतो, त्यामुळे ती त्यात नेमकी बसते आणि नववा बिट तेवढा रिकामा राहतो. `dout` हे रजिस्टर कोडमध्ये वेगळे दिसत असले, तरी त्यासाठी बाहेरचे फ्लिप-फ्लॉप लागत नाहीत. ब्लॉक रॅमचे क्लॉकला बांधलेले वाचन म्हणजेच ते रजिस्टर. व्हीएचडीएलमध्येही नियम तोच: वाचनाची ओळ `rising_edge(clk)` या अटीच्या आत असली पाहिजे.

आता शेवटची ओळ `always` मधून काढून बाहेर अशी लिहिली, तर चित्र पालटते:

```verilog
assign dout = mem[raddr];
```

ॲड्रेस बदलला की त्याच क्षणी उत्तर हवे, अशी ही मागणी आहे. ब्लॉक रॅमला ते जमत नाही, पण एलयूटीतल्या मेमरीला जमते. एका एलयूटीत ६४ बिट या हिशेबाने १६,३८४ बिटांसाठी किमान २५६ एलयूटी लागतात. त्यांच्या उत्तरांतून योग्य ते निवडण्यासाठी लागणारे मल्टिप्लेक्सर वेगळेच. सिम्युलेशनमध्ये मात्र चूक म्हणून काहीच दिसत नाही, कारण कोड सांगितल्याप्रमाणेच वागतो. या चुका उशिरा सापडतात त्या यामुळेच.

रिसेटचा फटका याहून मोठा असतो. सगळी रजिस्टरे रिसेटला शून्य करण्याची सवय लागलेला डिझायनर मेमरीलाही तेच लावतो:

```verilog
if (rst)
    for (i = 0; i < 2048; i = i + 1)
        mem[i] <= 8'd0;
```

क्लॉकच्या एकाच कडेला सगळेच्या सगळे २०४८ शब्द पुसायचे, असा याचा अर्थ. ब्लॉक रॅमचे एक पोर्ट एका वेळी एकाच ॲड्रेसला लिहिते, आणि एलयूटीतल्या मेमरीचेही तसेच. मग प्रत्येक बिटाला स्वतंत्र फ्लिप-फ्लॉप देण्यावाचून पर्याय उरत नाही. १६,३८४ फ्लिप-फ्लॉप म्हणजे या चिपमधले जवळपास ३९ टक्के. शिवाय २०४८ शब्दांतून एक निवडणाऱ्या मल्टिप्लेक्सरांसाठी चार हजारांहून अधिक एलयूटी जातात. तीन ओळींची ही किंमत जरा जास्तच म्हणायची. मेमरी खरोखरच पुसायची असेल, तर एक काउंटर चालवून एकेका ॲड्रेसला शून्य लिहीत जावे. १०० मेगाहर्ट्झ क्लॉकवर हे काम २०.४८ मायक्रोसेकंदांत उरकते. सुरुवातीचा मजकूर हवा असेल तर `initial` मध्ये `$readmemh` वापरता येते. तो मजकूर चिप कॉन्फिगर होताना भरला जातो, नंतरच्या रिसेटने तो परत येत नाही.

नुसत्या `dout` ला रिसेट देणे चालते, पण तो रिसेट क्लॉकला धरून असावा लागतो. संवेदनशीलता यादीत `or posedge rst` आले की ते रजिस्टर ब्लॉक रॅमच्या आत सामावत नाही. उरलेल्या मेमरीचे वाचन मग क्लॉकविना झाल्यासारखे ठरते आणि ती एलयूटीत जाते.

नेमके काय घडले ते सिंथेसिसनंतरच्या वापर-अहवालात दिसते. व्हिव्हाडोमध्ये `Block RAM Tile` या ओळीसमोर वरच्या मेमरीसाठी ०.५ हा आकडा यायला हवा. तिथे शून्य असून `LUT as Memory` वाढले असेल, तर वाचनाची ओळ तपासावी. `Slice Registers` हजारोंनी फुगले असतील, तर आधी रिसेट पाहावा. लॉगमध्ये `Trying to implement RAM 'mem_reg' in registers` असा इशारा मिळाला की मेमरी तळाच्या पायरीवर उतरली असे समजावे.

अशा वेळी `(* ram_style = "block" *)` ही खूण अॅरेच्या जाहीरनाम्याआधी जोडण्याचा मोह होतो. दोन्ही जागा चालण्यासारख्या असतील तेव्हा ती उपयोगी पडते. वर्तनच जुळत नसेल तेव्हा तिचा इलाज चालत नाही, कारण वाचनात क्लॉकचा एक टप्पा वाढवणे म्हणजे कोडचा अर्थ बदलणे, आणि ते डिझायनरनेच करायचे असते. तो वाढवला की भोवतालच्या तर्कालाही एक पाऊल मागे यावे लागते. डेटा एका चक्रानंतर येणार असल्याने त्यासोबतचा व्हॅलिड सिग्नलही एका फ्लिप-फ्लॉपमधून पुढे न्यावा लागतो. ही जुळवणी राहून गेली तर मागच्या ॲड्रेसचा डेटा नव्या ॲड्रेसच्या नावावर खपतो.

एकाच चक्रात त्याच ॲड्रेसवर लिहिणे आणि वाचणे झाले तर काय, हेही कोडच ठरवतो. वरच्या कोडमध्ये `<=` मुळे वाचनाला जुनी किंमत मिळते. ब्लॉक रॅममध्ये ही पद्धत उपलब्ध आहे, त्यामुळे एकाच क्लॉकवर अडचण येत नाही. लिहिण्याला एक आणि वाचनाला दुसरे, असे वेगवेगळे क्लॉक असतील तर मात्र अशा टकरीत काय वाचले जाईल याची हमी हार्डवेअर देत नाही. तिथे दोन्ही ॲड्रेस एकाच वेळी सारखे येणार नाहीत, याची तजवीज डिझाइनमध्येच करावी लागते.

मेमरी अगदी छोटी असेल तर ब्लॉक रॅमचा हट्टही धरू नये. ८ बिटांच्या ३२ शब्दांत जेमतेम २५६ बिट असतात. तेवढ्यासाठी १८ किलोबिटचा अर्धा तुकडा अडवण्यापेक्षा मोजक्या एलयूटी खर्च करणे परवडते, आणि व्हिव्हाडोही आपणहून बहुधा तेच करते.