दिजाँच्या वाळूत मुरलेला दाब

फ्रान्समधल्या दिजाँ शहराला नळाचं पाणी देणारे अभियंते आंरी दार्सी यांना एक व्यावहारिक हिशेब हवा होता: पाणी गाळायला वाळूचा थर किती मोठा लागेल? त्यासाठी 1855च्या ऑक्टोबरअखेर शहराच्या रुग्णालयात 35 सेंटिमीटर आतल्या व्यासाचा लोखंडी नळ उभा करण्यात आला. जाळीवर वाळू, वरून नळाचं पाणी, खाली मोजायची टाकी. वाळू घालण्याआधी नळ पाण्याने भरून घेत. कोरड्या वाळूवर पाणी सोडलं, तर कणांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि वाळू आहे त्याहून घट्ट भासते.

वाळूच्या वर आणि खाली पाऱ्याचे दाबमापक होते. तिथला दाब पाण्याच्या उंचीत मांडून त्यात त्या जागेची उंची मिळवायची. अशा दोन बेरजांमधला फरक म्हणजे वाळूत खर्ची पडलेली उंची. कणांशी घासत जाताना पाण्याने गमावलेली ही ऊर्जा आहे. नुसता दाब पाहून चालत नाही, कारण स्थिर पाण्यातही खाली दाब जास्तच असतो.

पहिल्या प्रयोगात 58 सेंटिमीटर जाडीच्या वाळूत 1.11 मीटर उंची खर्ची पडली आणि मिनिटाला 3.6 लिटर पाणी आलं. नियम असा:

Q = k × A × h / L

Q म्हणजे प्रवाह, A नळाचं क्षेत्रफळ, h खर्ची पडलेली उंची, L थराची जाडी आणि k त्या वाळूची पार्यता. प्रवाह सेकंदाला 60 घन सेंटिमीटर, क्षेत्रफळ सुमारे 962 चौरस सेंटिमीटर. भागिले की वेग येतो 0.062 सेंटिमीटर प्रति सेकंद. h/L आहे 1.91, म्हणून k सुमारे 0.033 सेंटिमीटर प्रति सेकंद. मात्र हा वेग पूर्ण नळ रिकामा धरून काढलेला आहे. वाळूत पोकळी 38 टक्के धरली, तर पाणी कणांमधून सरासरी 0.16 सेंटिमीटर वेगाने धावतं. ते थर ओलांडायला सुमारे सहा मिनिटं घेतं.

दाब वाढवत नेला तसा प्रवाह वाढत गेला, जवळपास त्याच प्रमाणात. ‘जवळपास’ मी मुद्दाम म्हणतो. त्या मालिकेतल्या शेवटच्या प्रयोगात 10.89 मीटरला 29.4 लिटर मिळाले. पहिल्या प्रमाणाने सुमारे 35 मिळायला हवे होते. k उतरून 0.027 झाला. रुग्णालयातले नळ उघडबंद होत असल्याने पारा सतत हलत होता, पण त्याने चुका दोन्ही बाजूंना झाल्या असत्या, एकाच बाजूला नव्हे. बारीक कण सरकून थर घट्ट झाला असेल, किंवा वेगवान पाण्याला कणाकणाशी वळताना जास्त ऊर्जा लागली असेल. हा सरळ नियम संथ झिरपण्यापुरताच नेमका लागू पडतो. तरी बांधाखालचा पाझर किंवा विहिरीत येणारं पाणी वाळूतून सहसा याहून खूप हळू सरकतं, म्हणून तिथे तो बिनधास्त वापरतात.