भार पेलला, तरी अँकर नापास

तळघरासाठी 12 मीटर खोल खड्डा घेतला, की त्याची भिंत आत झुकू नये म्हणून तिला मागच्या जमिनीत घट्ट बसवलेल्या अँकरनी ताणून धरतात. तिरक्या भोकात पोलादी स्ट्रँड सोडून आतल्या टोकाशी सिमेंटचे ग्राउट भरतात. ते कडक झाले, की जॅकने ताण देऊन स्ट्रँड भिंतीशी पक्के करतात. अशा अँकरने पूर्ण भार पेलला, तरी तो नापास होऊ शकतो. कारण तो भार जमिनीत कुठे पोचला, हेही पाहावे लागते.

भिंतीमागची जमीन सुटली, तर तिचा त्रिकोणी भाग खड्ड्याकडे घसरतो. अँकरची पकड या भागाच्या पलीकडे हवी. समजा, जमीन मुरमाची आहे आणि घसरणीची रेषा खड्ड्याच्या तळापासून 60 अंशांत वर चढते. जमिनीखाली 3 मीटरवरून, 15 अंश झुकवून घातलेला अँकर ही रेषा सुमारे 4.7 मीटरवर ओलांडतो. त्यापुढे खड्ड्याच्या खोलीचा पाचवा हिस्सा राखला, की 7.1 मीटर होतात. म्हणून मोकळी लांबी 8 मीटर घेऊ. एवढ्या भागात स्ट्रँड ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या नळीत ठेवतात, म्हणजे तो ग्राउटला चिकटत नाही.

पुढे पकडीची लांबी. अँकरवर 400 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 40 टन भार येणार आहे. भोक 115 मिलिमीटरचे आणि कुजक्या खडकाची सुरक्षित पकड दर मीटरला सुमारे 72 किलोन्यूटन धरली, तर साडेपाच मीटर लागतात, 6 घेऊ. ही लांबी 10 मीटरपलीकडे वाढवून फारसा लाभ होत नाही, कारण भार पकडीच्या सुरुवातीलाच अधिक एकवटतो.

आता प्रूफ टेस्ट. सुरुवातीचा 40 किलोन्यूटनचा ताण देऊन टप्प्याटप्प्याने 532 पर्यंत, म्हणजे कामाच्या भाराच्या 133 टक्क्यांपर्यंत जातात आणि दर टप्प्याला डायल गेजवर ताणवाढ नोंदवतात. तीन स्ट्रँड, 8 मीटर मोकळी लांबी: हिशेबाने लवचीक वाढ 48 मिलिमीटर. ती निदान 80 टक्के, म्हणजे 38 मिलिमीटर भरायला हवी. वरची मर्यादा मोकळ्या लांबीत निम्मी पकड मिळवून काढतात. इथे ती 66 मिलिमीटर येते.

समजा, वाढ 25 मिलिमीटरच भरली. म्हणजे जेमतेम 4.2 मीटर स्ट्रँडच मोकळा आहे. नळी फाटून ग्राउट आत शिरले असावे. भार घसरणाऱ्या भागातच अडकला आहे. जमीन सुटली, तर अँकरही तिच्यासोबत जाईल. उलट वाढ 66 च्या पुढे गेली, तर पकड सुटत चालल्याची शंका घ्यावी.

शेवटी भार स्थिर ठेवून पहिल्या आणि दहाव्या मिनिटातली सरक मोजतात. ती 1 मिलिमीटरहून जास्त असेल, तर निरीक्षण 60 मिनिटांपर्यंत लांबवतात. 25 मिलिमीटरवाल्या अँकरला मात्र ही कसोटी पार करूनही मान्यता देऊ नये. त्याच्या शेजारी नवा अँकर घालावा.