पावतीवरची फॅट आणि दुधाचं बिल

पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत संध्याकाळी डेअरीत दूध घालून आलं की पावतीचा फोटो काढून शहरातल्या मुलाला किंवा सुनेला पाठवला जातो. दहा दिवसांनी बिल येतं, तेव्हा ते याच फोटोंवरून पडताळायचं असतं. म्हशीच्या दुधाला नुसत्या फॅटवर भाव असेल तर हे गणित दोन गुणाकारांचं आहे. फॅटला दर एका फॅटच्या भावाने गुणलं की लिटरचा दर मिळतो, आणि त्याला लिटरने गुणलं की रक्कम.

समजा, एका फॅटला ८ रुपये २० पैसे भाव आहे. सकाळच्या पावतीवर ४.६ लिटर दूध आणि ६.८ फॅट लागली आहे. ६.८ गुणिले ८.२० म्हणजे लिटरला ५५ रुपये ७६ पैसे, आणि ४.६ लिटरचे २५६ रुपये ५० पैसे. संध्याकाळी ३.९ लिटरला ७.२ फॅट लागली, तर लिटरचा दर ५९ रुपये ०४ पैसे आणि रक्कम २३० रुपये २६ पैसे होते. संध्याकाळी फॅट वाढलेली पाहून मापात काही घोळ आहे अशी शंका घेऊ नये. सकाळच्या धारेपासून संध्याकाळपर्यंतचं अंतर रात्रीच्या अंतरापेक्षा कमी असलं, की दूध थोडं कमी आणि फॅट थोडी जास्त असणं स्वाभाविक आहे.

इथे ‘पॉइंट’ या शब्दाने मात्र अनेकांची फसगत होते. गावात ‘एक पॉइंट वाढला’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा ६.८ चे ६.९ झालेले असतात. तो दशांश पॉइंट ८२ पैशांचा आहे, ८ रुपये २० पैशांचा नाही.

खरी अडचण फोटोची असते. पावती यंत्रातून गरम होऊन छापली जाणाऱ्या कागदावर असते. ऊन लागलं, घाम लागला की अक्षरं फिकी पडतात. मग ६.८ चा आकडा ६.३ असा दिसतो, टिंब नाहीसं होतं, आणि फॅटच्या शेजारचा एसएनएफचा आकडा कुणी फॅट म्हणून वाचतो. आपल्या उदाहरणात ६.३ धरलं तर रक्कम २३७ रुपये ६४ पैसे येते. एकाच पाळीला जवळजवळ १९ रुपयांचा फरक, आणि त्यावरून डेअरीशी वाद घालायला निघालेल्या माणसाचा हिशोब मुळातच चुकलेला.

यावर साधा आणि भरवशाचा उपाय म्हणजे हिशोब उलटा करणे. पावतीवरची रक्कम सहसा ठळक छापलेली असते. २५६.५० ला ४.६ ने भागलं की ५५.७६ येतात, त्याला ८.२० ने भागलं की ६.८. फोटोतला धूसर आकडा ६.३ नसून ६.८ होता, हे कळून चुकतं. भागाकाराचं उत्तर पावतीवरच्या एकाही आकड्याशी जुळत नसेल, तर मात्र दर बदलला आहे की लिटर चुकीचे वाचले, हे विचारून घ्यायला हवं.

दुसरी चूक सरासरीची. दोन्ही पाळ्यांची फॅट मिळवून निम्मी केली तर ७.० येते, आणि ८.५ लिटरचे ४८७ रुपये ९० पैसे होतात. पाळीनुसार खरी बेरीज ४८६ रुपये ७६ पैसे आहे. सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी होती, हे सरासरीत हरवतं. म्हणून प्रत्येक पावतीची रक्कम वेगळी काढूनच बेरीज करावी. पैशांच्या कसरीत एखाद-दोन पैशांचा फरक येईल, तो सोडून द्यावा.

भाव लिटरवर आहे की किलोवर, हेही पाहावं लागतं. गुजरातच्या सहकारी संघांत किलो फॅटचा भाव सांगतात. ८२० रुपये किलो फॅट आणि ८ रुपये २० पैसे एका फॅटला, हे दोन्ही एकच. पण पहिला किलो दुधावर आहे. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरतं. त्यामुळे तेच ४.६ लिटर दूध ४.७४ किलोच्या आसपास भरतं आणि रक्कम २६४ रुपयांच्या पुढे जाते.

गायीच्या दुधाला ही रीत चालत नाही. तिथे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दरपत्रक असतं, दोन्ही आकड्यांवर भाव वर-खाली होतो. म्हशीच्या दुधालाही काही ठिकाणी ६.० फॅट आणि ९.० एसएनएफचं दरपत्रक वापरतात. अशा पावतीवर उलटा भागाकार निरुपयोगी ठरतो. डेअरीत लावलेल्या दरपत्रकाचाही एक फोटो ठेवायला हवा, त्यात फॅटच्या ओळीतून एसएनएफच्या रकान्यापर्यंत यायचं.

पावत्यांची बेरीज आणि हातात आलेली रक्कम यांत फरक दिसला, तर आधी पशुखाद्य, ॲडव्हान्स आणि शेअरची कपात बिलाच्या तळाशी पाहावी. ती वजा करूनही मेळ बसला नाही, तर ज्या पाळीचा आकडा जुळत नाही तिची तारीख आणि वेळ सांगून डेअरीच्या नोंदवहीत ती नोंद काढायला लावावी.