खोलीच्या फोटोतला पंखा काय सांगतो?

समजा, कुणी फोटो पाठवला आणि म्हणाला, ही रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतली भाड्याची खोली. खरं कसं ओळखायचं?

छताला तीन पात्यांचा पंखा आहे, रेग्युलेटर भिंतीवरच्या बोर्डात. भारत असावा, एवढं म्हणता येतं. अमेरिकेतल्या पंख्याला बहुधा चार-पाच पाती, खाली दिवा आणि ओढायची साखळी असते. पण रायपूर की मुंबई, हे पंखा सांगत नाही. पलंगावरची मच्छरदाणीही नाही. डास दोन्हीकडे आहेतच.

मग खिडकीकडे बघा. तिथे पाण्याचा कूलर बसवलाय का? कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि त्यातून हवा गार होते. त्यासाठी मुळात हवा कोरडी लागते. रायपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते, म्हणून कूलर चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो नुसती ओल वाढवतो. अर्थात, असाच कूलर नागपूरलाही दिसेल. म्हणजे फोटो उरल्याशी जुळतो, पण उरलाच असं सिद्ध होत नाही.

खिडकीखाली लोखंडी रेडिएटर दिसला, तर मात्र दावा जवळजवळ संपलाच. काचेवरून खाली उतरणारी थंड हवा तिथेच तापावी म्हणून तो खिडकीखाली लावतात, आणि असा खर्च लांब, कडक हिवाळ्याच्या देशातच परवडतो.

फायरप्लेसवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. महाबळेश्वरच्या इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांतही ती सापडते. शिवाय हल्ली नुसत्या शोभेचीही असते. आत काजळी आहे का, ते फोटो मोठा करून बघा.